पाडवा नसलेलं वर्ष

२०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला. २०२४ साली तो ९ एप्रिलला होता आणि २०२५ साली ३० मार्चला. पंचांग पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मध्ये अधिक श्रावण येऊन गेला, सण पुढे सरकले, मग पुन्हा मागे आले. पण ज्याचं वर्ष १ एप्रिलला उघडतं आणि ३१ मार्चला मिटतं, त्या दुकानदारानं या तीन तारखा एका ओळीत मांडून पाहाव्यात. २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये तो दोनदा आला. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन विकणाऱ्याच्या वह्यांत पहिलं वर्ष कोरडं दिसतं, दुसरं भरभरून वाहताना दिसतं. दुकान तेच, गल्ली तीच, मालकाची धावपळही तेवढीच. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आणि २०२७ चा ७ एप्रिलला, म्हणजे २०२६-२७ हे पुन्हा बिनपाडव्याचं वर्ष.

अशा वर्षाच्या शेवटी हिशेब लिहिणाऱ्याला एक मोह हमखास होतो. पाडवा ९ एप्रिलला असला तरी त्याचं बुकिंग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं. कुणी दोन हजार ठेवून जातं, कुणी दहा हजार. गल्ल्यात पैसे येतात, बँकेत यूपीआयचे आकडे दिसतात, वर्ष तर मंद गेलेलं असतं. मग हे पैसे ‘विक्री’त धरले तर काय बिघडलं? ग्राहक काही पळून जाणार नाही, माल गोदामात आहे, आठ दिवसांत बिल होणारच आहे.

बिघडतं ते कसं, हे आकड्यांतच नीट दिसतं. अकोल्यातलं एक बेताचं दुकान डोळ्यांसमोर घेऊ. दुकान काल्पनिक, आकडे सोयीसाठी घेतलेले, पण व्यवहाराची पद्धत नेहमीचीच. मालकाचं एकट्याच्या नावावरचं दुकान, दोन पोरं कामाला, एक मेकॅनिक कामापुरता बोलावलेला. नामांकित कंपन्यांचे फ्रिज, टीव्ही, एसी तो विकतो. शिवाय पत्र्याच्या बॉडीचे मोठे कूलर तो स्वतः जोडून घेतो आणि त्यावर स्वतःच्या दुकानाचं नाव लावतो. विदर्भात हे सर्रास चालतं. या कूलरची गोष्ट पुढे येईल, आधी बुकिंगचं पाहू.

३१ मार्च २०२४ च्या संध्याकाळी या दुकानात पाडव्याचं बुकिंग केलेले ४६ ग्राहक आहेत. त्यांनी ठेवलेली रक्कम २,९०,००० रुपये. त्यांनी सांगून ठेवलेल्या मालाची किंमत, जीएसटी वगळून, ११,५०,००० रुपये. या धंद्यात मोठ्या कंपन्यांच्या मालावर दुकानदाराला फार सुटत नाही. आठ टक्के धरले तर या साऱ्या व्यवहारांतून ९२,००० रुपये सुटतील, तेही एप्रिलमध्ये माल पोचल्यावर.

आता ते २,९०,००० रुपये मार्चच्या विक्रीत धरले तर काय होतं पाहा. विक्री वाढली, पण तिच्यासमोर मालाची किंमत खर्ची पडली नाही, कारण माल गोदामातच आहे आणि ३१ मार्चच्या शिल्लक मालात तो मोजलाही गेला आहे. म्हणजे सगळेच्या सगळे २,९०,००० रुपये नफ्यात उतरले. ज्या व्यवहारातून ९२,००० मिळायचे आहेत, आणि तेही पुढच्या वर्षी, त्यातून या वर्षी तिपटीहून जास्त नफा दिसला. त्यावर आयकर भरायचा, आणि एप्रिलमध्ये बिल पूर्ण रकमेचं झालं की तीच विक्री दुसऱ्यांदा धरली जाऊ नये म्हणून वह्यांत कसरत करायची. ही चूक पकडायची खूण सोपी आहे. मार्चचं ढोबळ नफ्याचं प्रमाण बाकीच्या महिन्यांपेक्षा एकदम उडालेलं दिसतं. आठ टक्क्यांवर चालणारं दुकान एका महिन्यात वीस टक्के दाखवू लागलं, तर दुकानदार हुशार झालेला नसतो. कुणाचा तरी बुकिंगचा पैसा विक्रीत शिरलेला असतो.

बुकिंगचा पैसा म्हणजे देणं. दुकानदाराच्या डोक्यात ‘देणं’ म्हटलं की बँक आणि घाऊक व्यापारी येतात, ग्राहक येत नाही, कारण ग्राहकाकडून तर येणं असतं. पण पैसे ठेवून गेलेल्या ग्राहकाला दुकानदार वस्तू देणं लागतो, आणि वस्तू देता आली नाही तर पैसे परत देणं लागतो. ताळेबंदात ही रक्कम देण्यांच्या बाजूला, ‘ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम’ या नावानं बसते. माल पोचवून बिल झालं की ती तिथून उठते.

एका ग्राहकाचा व्यवहार जवळून पाहू. २६ मार्चला एक काकू एसी पसंत करून दहा हजार ठेवून जातात. “पाडव्याच्या सकाळी घरी आला पाहिजे बरं का दादा, दुपारी नको,” एवढं बजावतात. त्या दिवशी वहीत दोनच ओळी होतात: बँक नावे १०,०००, ग्राहकांची आगाऊ रक्कम जमा १०,०००. विक्री नाही, जीएसटी नाही. काकूंना पावती मिळते, बिल नाही. ९ एप्रिलला एसी पोचतो आणि बिल होतं: एसीची किंमत ३०,०००, त्यावर त्या वेळच्या २८ टक्के दरानं जीएसटी ८,४००, एकूण ३८,४००. त्यातून आधीचे १०,००० वळते होतात आणि काकूंकडून २८,४०० येतात. विक्री ३०,००० ची झाली, एप्रिलमध्ये झाली. ८,४०० सरकारचे.

मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लागत नाही, हे काही पहिल्यापासून नव्हतं. १५ नोव्हेंबर २०१७ पासून मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर त्याच वेळी कर भरण्याची सक्ती उठली. सेवेला ही सवलत नाही. वॉरंटी संपलेल्या एसीचा वर्षभराचा देखभाल करार दुकानदारानं मार्चमध्ये पैसे घेऊन केला, तर सेवा पुढच्या वर्षभर द्यायची असली तरी कर मार्चचाच लागतो. म्हणून आगाऊ रकमेची दोन खाती वेगळी ठेवावीत, एक मालाचं आणि एक सेवेचं. एकाच खात्यात सगळं ओतलं की वर्षाच्या शेवटी कुणाचे दहा हजार एसीचे आणि कुणाचे दोन हजार देखभालीचे, हे पावत्या उलगडत शोधत बसावं लागतं.

पैसे घेतानाच बिल फाडायची सवय किती अंगाशी येते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं जाहीर केलं की एसी आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार, आणि तेही २२ सप्टेंबरपासून. तोच घटस्थापनेचा दिवस होता. ज्यांनी आधी फक्त पावती देऊन आगाऊ रक्कम घेतली होती, त्यांना अडचण आली नाही. माल आणि बिल दोन्ही २२ तारखेनंतर झाले, तर पैशाचा काही भाग आधी आलेला असला तरी दर नवा लागतो. आपल्या काकूंचाच एसी या दरानं ३५,४०० ला पडला असता, म्हणजे तीन हजारांनी स्वस्त. पण ज्यांनी बुकिंगच्या दिवशीच २८ टक्क्यांचं बिल फाडून ठेवलं होतं, त्यांच्या काउंटरवर ग्राहक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन उभे राहिले. मग क्रेडिट नोट, नवं बिल, आणि या सगळ्यात तीन हजार कुणी सोसायचे यावर हुज्जत.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या ग्राहकानं पूर्ण पैसे भरले, हाच फ्रिज म्हणून नंबरासकट पसंत केला, बिल स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि ‘आमच्या घरी रंगकाम चाललंय, पाडव्यापर्यंत तुमच्याकडेच राहू द्या’ म्हणाला, तर ती विक्री मार्चचीच. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटचं महसुलाबद्दलचं नववं लेखांकन मानक हे मान्य करतं. अट एवढीच की वस्तू दुकानात हजर हवी, वेगळी काढलेली हवी आणि थांबवून ठेवण्याची विनंती ग्राहकाची हवी. दुकानदाराच्या सोयीसाठी थांबवलेला माल यात बसत नाही, आणि कंपनीकडून अजून यायचा असलेला तर नाहीच. विकलेला फ्रिज गोदामात असला तरी शिल्लक मालात मोजायचा नाही, हे मात्र हमखास विसरलं जातं. त्या खोक्यावर ग्राहकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

आता वह्यांतली एक लबाडी, जी बहुतेक वेळा कुणी मुद्दाम करत नाही. टॅलीमध्ये काकूंचं खातं ग्राहकांच्या गटात उघडलेलं असतं, कारण त्या ग्राहकच आहेत. मार्चअखेर त्या खात्यात दहा हजार जमा दिसतात. तशा ४६ खात्यांत मिळून २,९०,००० जमा. त्याच गटात उधारीवर माल नेलेल्यांकडून सात लाख येणं आहे. संगणक दोहोंची वजाबाकी करून एकच आकडा दाखवतो: ग्राहकांकडून येणं ४,१०,०००. दिसायला सगळं नीटनेटकं, बेरीजही जुळलेली. पण दोन गोष्टी त्यात झाकल्या गेल्या. वसूल करायचे सात लाख आहेत, चार नव्हे. आणि तीन लाखांच्या आसपास लोकांना माल द्यायचा आहे, तो कुठेच दिसत नाही. एकाची उधारी दुसऱ्याच्या बुकिंगमधून वळती करता येत नाही, म्हणून ताळेबंदात दोन्ही आकडे आपापल्या बाजूला वेगळेच दाखवावे लागतात.

हे पैसे खरे किती, याची परीक्षा कागदावरच होते. आगाऊ रकमेच्या पावत्यांचं पुस्तक घ्यायचं, ज्या पावतीसमोर बिल झालं ती खोडायची, पैसे परत दिले तीही खोडायची. उरलेल्या पावत्यांची नावानिशी बेरीज आणि खात्यातली शिल्लक एकच यायला हवी. नाही आली, तर फरक सहसा तीनांपैकी एका ठिकाणी सापडतो. बिल झालं, पण आगाऊ रक्कम वळती करायची राहिली आणि ग्राहकाच्या नावावर खोटी उधारी दिसते आहे. किंवा रोख रक्कम कच्च्या चिठ्ठीवर घेतली आणि ती वहीत आलीच नाही. किंवा दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी बुकिंग करून गेलं, पुन्हा आलंच नाही. हे शेवटचे पैसे बघून दुकानदाराला वाटतं, आता हे आपलेच. पण ते देणं आहे, आणि बुकिंगच्या वेळी रद्द केल्यास काय कापलं जाईल हे लिहून दिलेलं नसेल, तर नुसतं ग्राहक विसरला म्हणून ते उत्पन्न होत नाही. ज्या वर्षी ते खरोखर आपलं म्हणून लिहून घेतलं जाईल, त्या वर्षी त्यावर करही लागेल.

आगाऊ रकमेत पैसा आधी येतो आणि वस्तू नंतर जाते. वॉरंटीत वस्तू आणि पैसा दोन्ही होऊन जातात, खर्च मात्र मागे राहतो. विक्री मार्चमध्ये मोजायची आणि तिच्या पायी येणारा दुरुस्तीचा खर्च पुढच्या मे महिन्यात, म्हणजे दुसऱ्याच वर्षात टाकायचा, हे पटण्यासारखं नाही. म्हणून त्या खर्चाची तरतूद विक्रीच्या वर्षातच करायची.

इथे आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपनीच्या फ्रिजची वॉरंटी कंपनीची असते. कॉम्प्रेसर गेला तर तो कंपनीचं सर्व्हिस सेंटर बदलून देतं. त्याची तरतूद दुकानदारानं करायची नाही, मग ग्राहक कितीही वेळा ‘तुमच्याकडूनच घेतला होता ना’ म्हणून दुकानात येवो. फार तर दुकानदारानं स्वतःच्या खिशातून तातडीनं काही बदलून दिलं आणि ते कंपनीकडून परत मिळायचं असेल, तर ते येणं म्हणून दाखवायचं. तिसऱ्याच कंपनीची वाढीव वॉरंटी तो काउंटरवर विकत असेल, तर त्यात त्याचं फक्त कमिशन. पण ज्या वस्तूवर त्याचं स्वतःचं नाव आहे, तिची हमी त्याची. आपल्या अकोल्याच्या दुकानात ती वस्तू म्हणजे पत्र्याचा कूलर: किंमत ७,५००, मोटर आणि पंपाला एक वर्षाची वॉरंटी, पत्र्याला आणि गवताच्या पॅडला नाही.

एकोणतिसावं लेखांकन मानक तरतुदीसाठी तीन गोष्टी विचारतं. घडून गेलेल्या घटनेमुळे आजच एखादी बांधिलकी आहे का, त्यापायी पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे का, आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येतो का. एकेका कूलरकडे पाहिलं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येतं, कारण बहुतेक कूलर वर्षभर बिनतक्रार चालतात. म्हणून मानक सांगतं की अशी वचनं एकेक करून न पाहता सगळी एकत्र पाहावीत. चारशे कूलरमधून काही परत येणार हे मात्र नक्की असतं.

किती येणार, याचं उत्तर दुकानदाराच्या अंदाजात नसतं. ते तक्रारींच्या वहीत असतं. आपल्या दुकानात ही वही आहे असं धरू. कुठला कूलर, कधी विकला, तक्रार कधी आली, काय बदललं, एवढ्या चार रकाने असलेली. आधीच्या तीन हंगामांत मिळून एक हजार कूलर गेले. वॉरंटीत १२० पंप बदलावे लागले आणि ४० मोटरी. पंप २५० रुपयांचा, मोटर ११५० ची, आणि दर खेपेला मेकॅनिकचे १५०. पंपांचे झाले ४८,०००, मोटरींचे ५२,०००, एकूण एक लाख. हजार कूलरवर एक लाख, म्हणजे कूलरमागे शंभर रुपये. मेकॅनिकच्या फेरीचे पैसे यात धरायला लोक विसरतात, आणि पंपाच्या बाबतीत तो खर्च थोडाथोडका नाही, तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहे.

आता ३१ मार्च २०२४ ला किती तरतूद हवी? वर्षभरात ३८० कूलर विकले गेले. त्यांतले २६० एप्रिल-मे २०२३ मध्ये, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला, आणि १२० मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात कूलर कोण घेतो? मार्चमध्ये गेलेल्या १२० चा सगळा उन्हाळा पुढे आहे, त्यांचे पूर्ण १२,००० धरायचे. प्रश्न आहे तो आधीच्या २६० चा. त्यांची वॉरंटी सरासरी एक महिनाच उरली आहे. सरळ हिशेबी माणूस म्हणेल, बारा महिन्यांतला एक उरला, तर २६,००० चा बारावा भाग धरा, साधारण २,१६७ रुपये.

इथे वहीतल्या तारखा काही वेगळंच सांगतात. कूलर बारा महिने चालत नाही. जूनमध्ये तो बंद होतो, गच्चीवर किंवा मागच्या खोलीत जातो. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा मोठा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. टाकीत बोअरचं पाणी भरलेलं असतं, ते सुकून पंपाच्या आत क्षारांचा पांढरा थर बसतो. नऊ-दहा महिने तसाच पडलेला पंप मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये चालू केला की गुणगुणतो, फिरत नाही. ग्राहक मग वॉरंटीचं कार्ड काढून तारीख बघतो, आणि कूलर मागच्या मेमध्ये घेतलेला असतो. वॉरंटी अजून पंधरा दिवस शिल्लक! एप्रिल-मेमध्ये विकलेल्या कूलरच्या वॉरंटी खर्चातला साठ टक्के पहिल्याच उन्हाळ्यात होतो आणि चाळीस टक्के या दुसऱ्या सुरुवातीला, असं आपल्या दुकानाची वही दाखवते. म्हणजे २६,००० चे चाळीस टक्के, १०,४०० रुपये धरायला हवेत. बारावा भाग धरला असता तर आठ हजारांहून जास्त कमी पडले असते. वॉरंटी कॅलेंडरनं मोजली जाते, पंप मात्र पाणी आणि उन्हाच्या हिशेबानं बिघडतो.

तर ३१ मार्चला हवी असलेली तरतूद १२,००० अधिक १०,४००, मिळून २२,४००. वर्षाच्या सुरुवातीला आधीच्या मालापोटी १९,००० ची तरतूद शिल्लक होती. वर्षभरात प्रत्यक्षात दुरुस्तीवर ३५,२०० गेले, त्यांतले २०,२०० आदल्या वर्षीच्या कूलरवर आणि १५,००० या वर्षीच्या. मग या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात किती खर्च जाईल? गेलेले ३५,२०० आणि उरायला हवेत ते २२,४००, यांच्या बेरजेतून आधीचे १९,००० वजा: ३८,६००. हा आकडा बरोबर आहे का, हे ताडून पाहता येतं. वर्षात ३८० कूलर विकले, शंभराप्रमाणे ३८,०००. आदल्या वर्षीचा अंदाज १,२०० नं कमी पडला, या वर्षीच्या पहिल्या उन्हाळ्यात १५,६०० ऐवजी १५,००० लागले म्हणजे ६०० वाचले. ३८,००० अधिक १,२०० वजा ६००, झाले ३८,६००. बाराशे रुपये कमी पडले म्हणून मागच्या वर्षीचे हिशेब उघडून दुरुस्त करायचे नाहीत. अंदाज चुकला की फरक चालू वर्षात घ्यायचा. मात्र तो दरवर्षी एकाच दिशेनं चुकत असेल, तर शंभराचा आकडाच बदलायला हवा.

तरतूद म्हणजे बाजूला काढून ठेवलेली रोकड, असाही समज असतो. तसं नाही. २२,४०० रुपये कुठल्या डब्यात ठेवलेले नसतात, नफा तेवढा कमी दाखवलेला असतो आणि देण्यांच्या बाजूला ती रक्कम उभी असते. एप्रिलमध्ये मेकॅनिक पंप बदलून आला की त्याचे ४०० रुपये खर्चात जात नाहीत, या तरतुदीतून वजा होतात. फुकट बदललेल्या पंपावर ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचा नसतो आणि तो पंप विकत घेताना भरलेल्या कराची वजावटही परत करावी लागत नाही, हे जुलै २०२३ च्या परिपत्रकानं स्पष्ट केलं आहे.

आयकराचं गणित मात्र वेगळं चालतं. अजून न झालेल्या खर्चाची वजावट द्यायची कशी, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये रोटोर्क कंट्रोल्स या कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला. मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष आकड्यांवर शास्त्रशुद्ध बेतलेली वॉरंटीची तरतूद वजावटीला पात्र आहे, असं त्यात म्हटलं. आपल्या चार रकान्यांच्या वहीची किंमत इथे कळते. ‘विक्रीच्या दोन टक्के’ असा हवेतला आकडा टिकत नाही, १२० पंपांचा तपशील टिकतो. पुढे आलेल्या आयकराच्या हिशेब मानकांनी अट थोडी कडक केली: शक्यता पुरेशी नाही, वाजवी खात्री हवी. आणि जो दुकानदार उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा गृहीत धरून सोप्या पद्धतीनं कर भरतो, त्याला करासाठी या तरतुदीचा काहीच उपयोग नाही, कारण त्याचा नफा कायद्यानं आधीच ठरवलेला असतो. ही पद्धत घेणारे बरेच छोटे दुकानदार म्हणूनच वॉरंटीचा विचार सोडून देतात. माझ्या मते तिथेच ते चुकतात, कारण त्यांनी कूलरची किंमत ७,५०० ठरवली तेव्हा त्यात हे शंभर रुपये धरले होते की नाही, याचं उत्तर कर खात्याला नको असलं तरी त्यांना स्वतःला हवं असतं.

या सगळ्या हिशेबाला एक मर्यादा आहे. शंभर रुपये हा जुन्या पंपाचा, जुन्या पाण्याचा आणि जुन्या मेकॅनिकचा आकडा आहे. समजा २०२४ च्या हंगामासाठी दुकानदारानं पंप देणारा व्यापारी बदलला. नवा पंप ६० रुपयांनी महाग, पण जाळी बारीक असल्यामुळे क्षार कमी अडकतील, असं तो म्हणतो. मार्च २०२४ मध्ये गेलेल्या १२० कूलरमध्ये हाच पंप असेल, तर त्यांच्यासाठी जुनं प्रमाण जसंच्या तसं लावता येत नाही, आणि व्यापाऱ्याच्या शब्दावर ते कमीही करता येत नाही. बदलीचा पंप २५० ऐवजी ३१० ला पडणार, हे मात्र आजच ठाऊक आहे. मग बिघाडाचं प्रमाण सध्या जुनंच धरायचं, किंमत नवी धरायची. हजारात १२० म्हणजे १२० कूलरमागे साधारण चौदा पंप, प्रत्येकी ६० जास्त, म्हणजे तरतूद साडेआठशे रुपयांच्या आसपास वाढते. आणि वहीत एक पाचवा रकाना आखायचा: पंप जुना की नवा. एप्रिल २०२५ मध्ये हे १२० कूलर पुन्हा सुरू झाले, म्हणजे त्या रकान्यात वाचण्यासारखं काही दिसू लागेल. पण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात विकलेल्या कूलरची वॉरंटी तोवर संपलेली असेल, तेव्हा त्यांचे अडकलेले पंप ग्राहक स्वतःच्या पैशानं बदलून घेतील. तेही या वहीत लिहून ठेवायला हवेत.